सुरमई कोणी कापली?

'सू शेफ पाहिजे. मालवणी, गोवन आणि उत्तर भारतीय पदार्थांचा अनुभव हवा. ८० खुर्च्या, शनिवार-रविवारी रात्री २०० ते २२० माणसं. किचनमध्ये १४ जणांची टीम. फोस्टॅक प्रमाणपत्र आवश्यक. मेन्यू कॉस्टिंग यायला हवं, फूड कॉस्ट ३३ टक्क्यांच्या आत.' पुण्यातल्या एखाद्या मासळीच्या रेस्टॉरंटची ही जाहिरात आहे असं समजू. नमुन्यादाखल रचलेली असली तरी अवास्तव नाही. उलट, 'सर्व क्युझिन येणारा अनुभवी कुक त्वरित हवा' असं लिहून मोकळं होणाऱ्या मालकांच्या तुलनेत या मालकाने बराच विचार केलेला दिसतो. किती माणसं जेवतात, हाताखाली किती जण असतील, कोणता आकडा सांभाळायचा हे त्याने आधीच सांगितलं आहे.

दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर रेझ्युमे येऊ लागतात. त्यातले बरेचसे एकाच साच्यातले असतात. 'मल्टिक्युझिन शेफ', 'हाय व्हॉल्यूम किचनचा अनुभव', 'एचएसीसीपी सर्टिफाइड', 'फूड कॉस्ट कमी केला' ही चार वाक्यं फिरून फिरून येतात. खोटं कोणी लिहिलेलं असतंच असं नाही. अडचण अशी, की स्वयंपाकघर हे टोळीने चालणारं काम आहे आणि रेझ्युमे एका माणसाचा असतो. हॉटेलचा मेन्यू, हॉटेलची गर्दी, हॉटेलचं प्रमाणपत्र आणि हॉटेलचा हिशेब हे सगळं तिथे काम केलेल्या प्रत्येकाच्या कागदावर उतरतं. वाचणाऱ्याने प्रत्येक ओळीपाशी थांबून किचनचं किती आणि या माणसाचं किती हे वेगळं काढायचं असतं.

दोन रेझ्युमे शेजारी ठेवून पाहू. पहिला उमेदवार मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलात सात वर्षं आहे, सध्या बँक्वे किचनमध्ये सीडीपी, म्हणजे एका विभागाचा प्रमुख. कागद देखणा, फोटोत पांढरी टोपी, क्युझिनच्या रकान्यात सात नावं: इंडियन, मालवणी, गोवन, काँटिनेंटल, ओरिएंटल, इटालियन, मेक्सिकन. दुसऱ्याने सिंधुदुर्गातल्या एका खानावळीत सुरुवात केली, मग क्रूझ जहाजावर दोन कॉन्ट्रॅक्ट केली आणि आता पणजीत साठ खुर्च्यांच्या रेस्टॉरंटमध्ये 'हेड कुक' आहे. त्याचा कागद साधा, इंग्रजी कच्चं, क्युझिनचा रकानाच नाही. त्याऐवजी कामाच्या जागेखाली त्याने लिहिलंय: 'तवा आणि करी सेक्शन, मालवणी मसाला २० किलोची बॅच, शाकुती-रेशादचं वाटण, सकाळची मासळी खरेदी.'

मालकाचा हात आधी पहिल्या कागदाकडे जातो. तो साहजिक आहे, पण घाईचा आहे.

पदनामांपासून सुरुवात करावी, कारण तिथेच पहिली गफलत होते. मोठ्या हॉटेलांत कॉमी थ्री, टू, वन, मग डेमी सीडीपी, सीडीपी, सू शेफ आणि सर्वांत वर एक्झिक्युटिव्ह शेफ अशी उतरंड असते. ही रचना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच शेफ ऑग्युस्त एस्कॉफिये याने लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात घट्ट बसवली. कामाची विभागणी करायची, प्रत्येक विभागाला एक जबाबदार माणूस नेमायचा, हे तिचं सूत्र. लहान रेस्टॉरंटांत ही उतरंड नसते. तिथे चौघांच्या किचनचा प्रमुखही 'हेड शेफ' असतो आणि पाच वर्षांत तीन ठिकाणी हेड शेफ झालेला माणूस कधी कधी कुणाचाच प्रमुख नसतो. म्हणून पदाच्या नावापेक्षा त्याच्या हाताखाली किती जण होते, तो कुणाला उत्तर देत होता आणि वरचा माणूस सुट्टीवर गेला की किचन कोण चालवत होतं, या तीन गोष्टी विचाराव्यात. आपला पहिला उमेदवार सीडीपी असला तरी त्याच्या विभागात आठ जण असू शकतात. दुसरा हेड कुक असूनही पाचच जणांना सांभाळत असेल. जाहिरातीतल्या चौदाच्या टीमजवळ पोचणारा यात पहिला आहे, हे त्याच्या बाजूने नोंदवून पुढे जावं.

आता क्युझिन. सात वर्षांत सात खाद्यपरंपरा येणं अशक्य नाही, पण मोठ्या हॉटेलात त्या येतात कशा, हे पाहायला हवं. कॉमी असताना माणूस काही महिने तंदूरवर, काही महिने गार्द मांजेवर, म्हणजे सॅलड आणि थंड पदार्थांच्या विभागात, काही महिने चायनीजमध्ये फिरतो. प्रत्येक ठिकाणी त्याचं हे काम बहुधा कापणं, मोजणं, तयारी करून ठेवणं असतं. त्यातून त्याला त्या किचनची ओळख होते. ती उपयोगाचीच असते, पण तिला पाककौशल्य म्हणता येत नाही. शिवाय अनेक मोठ्या हॉटेलांत ग्रेव्ही आणि वाटणं मध्यवर्ती विभागात तयार होऊन येतात. आउटलेटमधला माणूस ती गरम करतो, त्यात मासा सोडतो, वर कोथिंबीर टाकतो आणि रेझ्युमेत 'मालवणी' लिहितो.

मालवणी आणि गोवन हे दोन शब्द जाहिरातीत शेजारी आहेत म्हणून ते एकच असं कुणी समजू नये. मालवणी स्वयंपाक भाजक्या खोबऱ्याच्या वाटणावर आणि कोकमाच्या आंबटपणावर उभा आहे. गोव्यात हिंदू घरांतली हुमणं वेगळी आणि ख्रिस्ती घरांतलं विंदालू किंवा रेशाद वेगळं. तिथे आंबटपणा व्हिनेगरचा येतो. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं कधी आणि कशी घालायची, हा साधा प्रश्न विचारून पाहावा. ज्याने ते रोज केलं आहे तो सांगतो, की ती मिक्सरमध्ये वाटायची नाहीत, जराशी ठेचून शेवटाकडे घालायची आणि ताटात आली तर बाजूला काढायची. ज्याने फक्त मेन्यूकार्डावर वाचलं आहे तो 'सिक्रेट स्पाइस' वगैरे बोलू लागतो.

दुसऱ्या उमेदवाराने क्युझिनचं नाव न लिहिता पदार्थ लिहिले, वाटणं लिहिली, बॅचचं वजन लिहिलं. रेझ्युमे वाचणाऱ्याला हेच हवं असतं. वीस किलो मसाला करायचा तर मिरच्या वाळवणं, प्रत्येक जिन्नस वेगवेगळा भाजणं, दळून आणणं आणि तो वास न जाता साठवणं, हे सगळं त्याच्या हाताखालून गेलं आहे असा त्याचा अर्थ होतो. त्याच्या कागदात उणीव आहे ती उत्तर भारतीय पदार्थांची. तंदूरचा उल्लेख कुठेच नाही. जाहिरातीत तो स्पष्ट मागितला आहे, म्हणजे इथे त्याचे गुण जातात. मात्र चौदा जणांच्या टीममध्ये तंदूरवाला आधीच असेल, तर सू शेफला स्वतः रोटी लावता येण्यापेक्षा तंदूरवाल्याकडून काम करून घेता येणं पुरतं. हा निर्णय मालकाचा. जाहिरात लिहिताना तो बहुतेकदा घेतलेला नसतो.

किचनचा आवाका मोजताना सर्वाधिक फसगत होते. पहिल्या उमेदवाराने '१,२०० माणसांचं जेवण' असं ठळक लिहिलं आहे. आपल्या रेस्टॉरंटला २२० माणसांचंच काम आहे, म्हणजे हा गडी ते डाव्या हाताने करील, असं वाटतं. बँक्वेचं काम खरोखर अवघड असतं, पण ती अवघड बाजू वेगळी आहे. मेन्यू आठवडाभर आधी ठरलेला, माणसांचा आकडा आधी कळलेला, सगळ्यांना तेच पंधरा पदार्थ. दुपारी मोठ्या पातेल्यांत रस्से तयार होतात आणि वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर गरम ठेवले जातात. तिथलं कौशल्य नियोजनाचं आहे: किती भाजी आधी चिरायची, कोणतं पातेलं कधी चढवायचं, बुफेवरचा पदार्थ संपायच्या आत दुसरा कसा पोचवायचा. लग्नाच्या पंगतीचे आपले आचारी हेच पिढ्यान्‌पिढ्या करत आले. दोन हजार पानं उठवणाऱ्या आचाऱ्याचा रेझ्युमे मात्र बहुधा नसतोच, आणि असलाच तर त्यात 'केटरिंग' एवढा एकच शब्द असतो.

आ ला कार्ट, म्हणजे ऑर्डर आल्यावर करून देण्याच्या किचनमध्ये गणित वेगळं चालतं. शनिवारच्या २२० माणसांपैकी सव्वाशे जण साडेआठ ते दहाच्या दरम्यान येऊन बसतात. समजा, त्यातल्या निम्म्यांनी तळलेला मासा मागवला, तर दीड तासात साठ-एक तुकड्या. एका तव्यावर एका वेळी दहा तुकड्या बसतात आणि एक घाणा निघायला सात-आठ मिनिटं लागतात. म्हणजे कागदावर एकच तवा तासाला सत्तर तुकड्या सहज देईल. प्रत्यक्षात ऑर्डरी अशा रांगेने येत नाहीत. पंधरा मिनिटांत आठ टेबलांच्या केओटी एकदम पडतात, त्यात वीस तुकड्या, सहा करी, चार बिर्याणी, दोन 'तिखट कमी' आणि एक 'लहान मुलासाठी बिनमसाल्याचा' असतो. त्याच टेबलाची करी तयार होऊन थंड होत पडते, कारण मासा तव्यावर आहे. हे जुळवून एका टेबलाचं सगळं एकाच वेळी पासवर आणणं, हे सू शेफचं काम.

त्यामुळे '१,२००' आणि '२२०' या आकड्यांची तुलना करून काहीच हाती लागत नाही. विचारायचं असतं ते असं: गर्दीच्या तासात तुमच्या पासवरून किती केओटी जात होत्या? ऑर्डर पडल्यापासून ताट निघेपर्यंत किती वेळ लागायचा? मेन्यूवर किती पदार्थ होते आणि त्यातले किती ऑर्डर आल्यावर सुरू व्हायचे? दुसऱ्या उमेदवाराच्या साठ खुर्च्या ८० पेक्षा कमी आहेत, पण काम त्याच जातीचं आहे. वीस खुर्च्या वाढल्याने तो बावरणार नाही. पहिल्याला मात्र वेगळ्या लयीत शिरावं लागेल. त्याच्या सात वर्षांतली एक-दोन वर्षं एखाद्या आउटलेटमध्ये गेली असतील तर प्रश्न मिटला. कागदावर ते दिसत नाही, म्हणून फोनवर विचारायचं.

स्वच्छतेच्या प्रमाणपत्रांकडे वळलं की किचनचं आणि माणसाचं यातला गोंधळ अगदी उघडा पडतो. 'एचएसीसीपी आणि आयएसओ २२००० सर्टिफाइड' असं पहिल्याने लिहिलं आहे. आयएसओ २२००० हे प्रमाणपत्र संस्थेच्या व्यवस्थापनाला मिळतं, माणसाला मिळत नाही. एचएसीसीपी ही अन्न कुठल्या टप्प्यावर बिघडू शकतं ते शोधून तिथेच पहारा बसवण्याची पद्धत. १९६० च्या दशकात अमेरिकी अंतराळवीरांच्या जेवणासाठी नासा आणि पिल्सबरी कंपनीने मिळून ती उभी केली. तिचं प्रशिक्षण माणूस घेऊ शकतो आणि त्याचं प्रमाणपत्रही असतं, पण हॉटेल प्रमाणित आहे म्हणून तिथला प्रत्येक कूक प्रमाणित होत नाही. उमेदवाराकडे स्वतःच्या नावाचा कागद असेल तर तो त्याने पाठवावा. नसेल तर ती ओळ हॉटेलची समजावी.

जाहिरातीत मागितलेलं फोस्टॅक मात्र माणसाचं असतं. देशातल्या अन्नसुरक्षेची जबाबदारी असलेल्या एफएसएसएआयने हा प्रशिक्षण कार्यक्रम २०१७ मध्ये सुरू केला. अन्न हाताळणाऱ्या दर पंचवीस माणसांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा, अशी त्यामागची अपेक्षा आहे आणि प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षांची असते. म्हणजे रेझ्युमेत नुसतं 'फोस्टॅक' पुरत नाही. तारीख हवी, आणि प्रशिक्षण केटरिंगचं होतं की दुसऱ्याच क्षेत्राचं, हेही पाहायला हवं. आपल्या दुसऱ्या उमेदवाराने फोटो पाठवला आहे, पण मुदत उलटून गेलेली. ही उणीव किरकोळ आहे, कारण प्रशिक्षण एका दिवसात आटपतं आणि मालक ते रुजू होताना करून घेऊ शकतो. ज्याच्याकडे कालचं ताजं प्रमाणपत्र आहे, पण फ्रिजचं तापमान किती असावं हे सांगता येत नाही, त्याची उणीव एका दिवसात भरत नाही.

त्याच्या कागदावरची दुसरी एक ओळ मालकाच्या नजरेतून सुटण्याचा संभव आहे: 'यूएसपीएच इन्स्पेक्शन, दोनदा'. क्रूझ जहाजांवर काम केलेल्या गोव्या-कोकणातल्या पोरांच्या बोलण्यात हा शब्द नेहमी येतो. अमेरिकी बंदरांना लागणाऱ्या जहाजांची स्वच्छता तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेचे अधिकारी अचानक येऊन तपासतात. शंभरपैकी गुण देतात आणि ८६ च्या खाली गेलं की जहाज नापास. हे गुणही जहाजाचेच, या माणसाचे नव्हेत. पण ज्या किचनमध्ये कोणत्याही बंदरात तपासणी होऊ शकते, तिथे तापमानाच्या नोंदी, बोर्ड-सुऱ्यांचे रंग, हात धुण्याची शिस्त अंगवळणी पडलेली असते. ती खरंच पडली का, हे ओळखायला एक प्रश्न पुरेल, आणि तो मासळीच्या रेस्टॉरंटला शोभणाराच आहे.

सकाळी अकराला सुरमई आणि बांगडे आले, पेटीतला बर्फ वितळून पाणी झालंय, मासा हाताला गार लागत नाही. घ्यायचा का? अनुभवी माणूस आधी तापमान मोजेन म्हणतो, मग मासा परत पाठवेन म्हणतो. सुरमई, बांगडा, टूना या जातींचे मासे गरम राहिले की त्यांत जीवाणूंमुळे हिस्टामिन तयार होतं. ते खाऊन चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, डोकं दुखतं. मासा पुन्हा बर्फात ठेवून ते जात नाही आणि कितीही तळला-शिजवला तरी नष्ट होत नाही. वासही दर वेळी सांगेलच असं नाही. 'धुऊन, हळद-लिंबू लावून चांगला तळायचा' असं उत्तर आलं, तर प्रमाणपत्र कितीही ताजं असो, वाचणाऱ्याने आपल्या वहीत फुली मारावी.

प्रमाणपत्रांबरोबर आणखी एक कागद लागतो आणि तो रेझ्युमेत कुणीच लावत नाही: वैद्यकीय तपासणीचा. अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा तपासणी आणि टायफॉइडसारख्या आतड्याच्या आजारांविरुद्ध लसीकरण नियमांत सांगितलेलं आहे. ही नोंद ठेवणं मालकाकडे असलं, तरी मागच्या ठिकाणी ते होत होतं का, एवढं विचारल्यावर त्या किचनची कळा समजते.

सर्वांत रंजक भाग हिशेबाचा. पहिल्याने लिहिलंय, 'फूड कॉस्ट ३६ टक्क्यांवरून ३१ वर आणला.' वाक्य झकास आहे. पण मोठ्या हॉटेलात हा आकडा वेगळा कॉस्ट कंट्रोल विभाग काढतो. बँक्वेचा दर ताटामागे ठरलेला असतो आणि विक्री विभागाने महाग लग्नं आणली की फूड कॉस्ट आपोआप खाली येतो. त्यात सीडीपीचा हात असेल किंवा नसेल. विचारावं: काय केलंत? कोणत्या पदार्थाचा खर्च कमी झाला? उत्तर 'वेस्टेज कंट्रोल' एवढ्यावरच थांबलं, तर तो आकडा हॉटेलचा. 'बुफेवर पनीरचे तुकडे वीस ग्रॅमचे होते ते पंधराचे केले, शेवटच्या अर्ध्या तासात ट्रे लहान लावले आणि रोज परत आलेलं वजन लिहिलं' असं ऐकू आलं, तर तो त्याचा.

दुसऱ्याच्या कागदावर टक्केवारी नाहीच. 'रेट रजिस्टर, यील्ड' असे दोनच शब्द आहेत. यील्ड म्हणजे आणलेल्या मालातून वापरण्याजोगा किती निघतो ते प्रमाण. मासळीच्या धंद्यात हा शब्द टक्केवारीपेक्षा मोलाचा आहे. का, ते एका सुरमईवर पाहू. दर सोयीसाठी घेतले आहेत.

दहा किलोची सुरमई ८०० रुपये किलोने आणली, म्हणजे आठ हजार रुपये. दीडशे ग्रॅमची तुकडी, कर सोडून ५५० रुपयांना विकायची. कच्चा हिशेबवाला म्हणतो: १५० ग्रॅमचे १२० रुपये, वर मसाला, रवा, तेल, लिंबू-कांदा मिळून ३५. एकूण १५५. भागिले ५५०, फूड कॉस्ट २८ टक्के. छान!

पण सुरमई अख्खी विकली जात नाही. डोकं, पोटातलं, पर, शेपूट गेलं की तुकड्या होतात साडेसहा किलोच्या. डोकी आणि कडा करीत जातात, त्यांचे समजा ३०० रुपये वळते केले. उरले ७,७००. भागिले साडेसहा, म्हणजे तुकडीचा माल किलोला १,१८५ रुपयांना पडला. १५० ग्रॅमचे १७८ आणि वरचे ३५ मिळून २१३. फूड कॉस्ट जवळजवळ ३९ टक्के. एकाच माशाच्या, एकाच ताटाच्या या दोन उत्तरांत अकरा टक्क्यांचं अंतर आहे. बिनकाट्याचं फिले काढायचं झालं, तर ते आणखी वाढतं.

मुलाखतीत उमेदवाराला हाच हिशेब कागदावर करायला लावावा. तो डोक्याचे पैसे वळते करतो का, हे बारकाईने पाहावं. न विचारता केले तर त्याने सुरमई खरोखर कापली आहे. करासंबंधीचीही एक बारीक खूण आहे. बहुतेक स्वतंत्र रेस्टॉरंटं बिलावर ५ टक्के जीएसटी लावतात आणि त्यांना खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणून विक्रीचा आकडा कर सोडून धरायचा, पण तेलासारख्या मालाचा आकडा कर धरून. जो ५५० ऐवजी बिलातले ५७७ रुपये धरतो, त्याचा फूड कॉस्ट दर वेळी थोडा गोड दिसतो.

मग ३९ टक्क्यांची तुकडी मेन्यूवरून काढायची का? जाहिरातीत तर ३३ ची मर्यादा आहे. ही मर्यादा सगळ्या मेन्यूची मिळून असते. सुरमईची एक तुकडी ३३७ रुपये मागे ठेवते. २६० रुपयांची, ५५ रुपयांत होणारी डाळ २१ टक्क्यांवर असूनही २०५ च ठेवते. महिन्याचा हिशेब असा बसतो: सुरुवातीचा साठा २ लाख ४० हजार, खरेदी १० लाख २० हजार, अखेरचा साठा २ लाख १० हजार. वापरला गेला साडेदहा लाखांचा माल, त्यातून कामगारांच्या जेवणाचे साठ हजार वजा. उरले ९ लाख ९० हजार. विक्री तीस लाख असेल तर बरोबर ३३ टक्के. ज्याला ताटाचा हिशेब येतो पण साठा मोजायचा कंटाळा आहे, त्याचा महिन्याचा आकडा आणि ताटांचा आकडा कधीच जुळत नाही. मधला फरक म्हणजे जास्त वजनाच्या तुकड्या, सडलेला माल, किंवा मागच्या दाराने गेलेला माल.

महाराष्ट्रातल्या मासळीच्या रेस्टॉरंटसाठी याहून अवघड प्रश्न पंचांगात दडलेला आहे. जून-जुलैत समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते. ताजी सुरमई दुर्मीळ होते, भाव चढतात. नेमकी त्याच सुमारास गटारी येते आणि श्रावण लागण्याआधी मासळी-मटणावर अवघं गाव तुटून पडतं. समजा, सुरमई ११०० वर गेली. वरच्याच रीतीने मांडलं, तर तुकडी २८२ रुपयांना पडते आणि फूड कॉस्ट ५१ टक्के होतो. आठवडाभराने श्रावण सुरू झाला की मासळीचा खप खाली येतो, शाकाहारी ताटं वाढतात आणि टक्केवारी आपसूक सुधारते, पण गल्ला आटतो. या सहा आठवड्यांत काय करणार, असं विचारलं की उमेदवार कळतो. कुणी तुकडी शंभर ग्रॅमवर आणीन म्हणतो. नेहमीचं गिऱ्हाईक ते पहिल्याच घासाला ओळखतं. कुणी मेन्यूवर दर छापायचाच नाही, फळ्यावर रोजचा भाव लिहायचा म्हणतो. कुणी खाडीची मासळी आणि कोळंबी पुढे करतो, सुकट-बोंबलाचे पदार्थ आणतो आणि मे महिन्यातच फ्रोझन मालाचा सौदा करून ठेवतो. शेवटचं उत्तर देणारा माणूस मासळीबाजारात सकाळी उभा राहिलेला असतो.

या दोघांत निवड करायची, तर आपल्या जाहिरातीसाठी दुसऱ्याला आधी बोलवावं. कमतरता तीन आहेत: तंदूर नाही, फोस्टॅकची मुदत संपली आहे आणि चौदा जणांना हाताळल्याचा पुरावा नाही. पहिल्या दोन भरून काढता येतात. तिसरीसाठी त्याच्या आजच्या मालकाशी, त्याची परवानगी घेऊन, बोलावं लागेल. पहिल्यालाही लगेच नाही म्हणू नये. त्याला फोन करून आउटलेटमधली वर्षं, स्वतःच्या नावाचं प्रमाणपत्र आणि त्या पाच टक्क्यांतला त्याचा वाटा, एवढंच विचारावं. उत्तरं नेमकी आली, तर माणसं सांभाळण्यात तो दुसऱ्यापेक्षा सरस ठरू शकतो आणि निवड उलटू शकते. मालकाचं रेस्टॉरंट बँक्वे हॉल काढण्याच्या बेतात असेल, तर ती उलटायलाच हवी.

ट्रायलच्या दिवशी बहुतेक ठिकाणी उमेदवारापुढे साफ केलेल्या तुकड्या, वाटलेला मसाला आणि एक मदतनीस ठेवतात. मग चव पाहून मंडळी माना डोलवतात. त्याऐवजी त्याला अख्खी सुरमई, सुरी, वजनकाटा, थर्मामीटर आणि कोरा कागद द्यावा. दोन तासांत तिखलं, तुकड्या आणि एक शाकाहारी भाजी मागावी. कापण्याआधी तो मासा तोलतो का, तुकड्या तोलून लिहितो का, डोकं कुठे ठेवतो, कच्च्या मासळीचा बोर्ड भाजीसाठी वापरतो का, हे लांबून पाहावं. दिलेल्या वेळाचा मोबदला त्याला द्यावा, कारण तो एक दिवसाची रजा टाकून पणजीहून आलेला असतो. आणि रुजू होण्याची तारीख ठरवताना कॅलेंडर समोर ठेवावं. एक महिन्याची नोटीस धरली, तर जुलैच्या सुरुवातीला पक्का केलेला माणूस ऑगस्टच्या सुरुवातीला किचनमध्ये उभा राहतो. तेव्हा बोटी पुन्हा समुद्रात जाऊ लागलेल्या असतात, श्रावणामुळे टेबलं अर्धी रिकामी असतात आणि नव्या सू शेफला तंदूरवाल्याशी जुळवून घ्यायला, स्टँडर्ड रेसिपीची कार्डं लिहायला आणि गणपतीनंतर परतणाऱ्या गर्दीची तयारी करायला चार-सहा आठवडे मिळतात.